दहा बैशांचा खेळ

आमचा शिवराम मूळचा बांद्याचा. ओमानमधल्या सोहारच्या औद्योगिक वसाहतीत पॅकिंगला लागण्याआधी पाच वर्षं पणजीच्या कॅसिनो बोटीवर स्लॉट मशीनपाशी उभा असायचा. नवं गिऱ्हाईक विचारी, "कितीचं मशीन?" हा पाटीकडे बोट दाखवून सांगे, "एक रुपयाचं." खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. त्या नोकरीचा त्याला असा वीट आला होता की विषय काढला तरी तो पाठ फिरवून झोपायचा.

आणि नेमका आमच्या खोलीत आला राकेश, चिपळूणचा वेल्डर. बायको मैत्री हिच्या विमानाच्या तिकिटासाठी त्याने साठ रियाल बाजूला ठेवले होते. शुक्रवारी दुपारी पाहावं तर हा मोबाइलवर स्लॉट खेळतोय. या देशात जुगाराला बंदी, पकडला तर थेट घरी रवानगी. पण अक्कल कुणाला उसनी देता येत नाही.

"शिवरामदादा, दहा बैशांचा खेळ आहे. चहासुद्धा येत नाही तेवढ्यात."

शिवरामने कंटाळून स्क्रीन पाहिला. "दहा बैसे नाण्याची किंमत रे. ती एका रेघेक लागता, रेघ म्हणजे चित्रां जुळूची एक ओळ. तुझ्यो वीस रेघो चालू आसत, आणि वर पाच पट. गुणून बघ."

हजार बैशांचा एक रियाल. राकेशचे ओठ हलले. "एक रियाल?"

"एका दाबाक."

"पण मी जिंकतोय की! आत्ताच चारशे बैसे आले."

"रियाल गेलो, चारशे इले. ह्येका जिंकणा म्हणतत?"

बावीस रियाल उडाले होते. राकेशने घाईघाईने एकच रेघ ठेवली, पट एकावर आणला. आता फिरकी खरोखर दहा बैशांची झाली. चौथ्या फिरकीला वरच्या ओळीत तीन घंटा लागल्या आणि एक बैसाही मिळाला नाही.

"फसवतात साले!"

"ती रेघ तू घेतलेलीच नाय," शिवराम म्हणाला. "बंद रेघेर कायव लागला तरी पैसे नाय."

मला वाटलं, आता हा शहाणा होईल. कसचं काय! त्याने वीसही रेघा परत चालू केल्या, पट एकावरच ठेवला. "दोनशे बैसे. आता समजलं दादा, कसं खेळायचं ते."

शिवरामचा चेहरा पडला. मला त्याची दया आली आणि राकेशचा संताप.

पुढच्या शुक्रवारी राकेश मैत्रीला फोनवर सांगत होता, "कंपनीने पगार अडवलाय गं, तिकीट पुढच्या महिन्यात." शिवराम उठला आणि त्याने फोन काढून घेतला.

"मैत्री, मी शिवरामदादा. पगार झालो. तिकिटाचे पैसे ह्येणा जुगारात घालवल्यान."

राकेश भिंतीकडे बघत राहिला. पलीकडून आवाज आला, "किती उरलेत, दादा?"

"अकरा रियाल."

"ते तुमच्याकडे ठेवा. आणि त्यांना जेवायला घाला."