टेलरकाकांचं ठिगळं लावलेलं मृत्युपत्र

शेजारच्या टेलरकाकांनी जन्मभर लोकांचे फाटके कपडे असे सांधले, की टाका शोधायला भिंग लागावं. तोच हात त्यांनी मृत्युपत्रावर चालवला. लिहिलेलं पटलं नाही की खोडायचं नाही. वर कागदाची पट्टी चिकटवायची. पट्टीवर पट्टी! मी वकिलांच्या ऑफिसात टायपिंग करते, म्हणून त्यांनी मला घरी बोलावून ते गाठोडं माझ्यापुढे ठेवलं.

“टायपिस्टबाई, तपासा. पण गावभर करू नका.”

“आधी अक्षर तर लागू दे, काका!”

ते हसले नाहीत. हल्ली हसायलाही त्यांना दम लागतो.

‘शिलाई मशीन सुनेला.’ मशिनं दोन. ‘राहतं घर, जो मला शेवटपर्यंत सांभाळेल त्याला.’

सांभाळतं कोण, हे गल्लीतल्या मांजरालाही ठाऊक. थोरला मुलगा वारला तेव्हापासून त्याची बायको, ही सूनच त्यांचं पथ्यपाणी बघते. धाकटा दूर असतो, पैसे मात्र न चुकता पाठवतो.

मी म्हटलं, “उद्या धाकटा म्हणेल, खर्च मी केला, सांभाळलं मी. मग ही जाईल कुठे?”

“तिचं नाव घातलं तर तो तोंड फिरवेल हो.”

“म्हणून आपण तोंड मिटून जायचं?”

काका खुर्चीत आणखी खचले. मी खाली पाहिलं. साक्षीदार म्हणून चहावाल्याची सही, सुनेची सही. काकांची नाहीच!

“माप घ्यायच्या आधीच बटणं लावलीत की! दोन साक्षीदारांसमोर तुम्ही सही करायची, मग तुमच्यासमोर त्यांनी. आणि जिला मिळायचं तिनेच साक्ष दिली की भांडणाला आयतं कारण. कुठेकुठे तर तिला दिलेलं बादही होतं. या पट्ट्या कुणी, कधी चिकटवल्या, हे तुमच्यामागे कोण सांगणार?”

“रजिस्टर केलं की झालं ना?”

“ते सहसा सक्तीचं नसतं. केलेलं बरं, पुढे आधार होतो. पण गोलमोल वाक्यावर शिक्का मारला तरी ते गोलमोलच राहतं. पक्का मसुदा वकीलसाहेबच करतील. त्यांना फक्त कुणाला काय, ते स्पष्ट सांगा.”

बराच वेळ ते पट्टीचा कोपरा नखाने उकरत बसले. आतून सून ओरडली, “बाबा, गोळी घेतलीत का?”

“घेतो गं.”

मग त्यांनी कोरा कागद ओढला. घराचा पत्ता लिहिला, पुढे सुनेचं पूर्ण नाव. दोन्ही मशिनं कंपनीच्या नावानिशी वेगळी लिहिली. एक सुनेला, जुनं पायाने चालवायचं धाकट्याला.

“हा कागद वकिलांना द्या. आणि धाकट्याला फोन लावा.”

“आत्ता?”

“आत्ताच. मी मेल्यावर तिने शिव्या खाण्यापेक्षा जिवंतपणी मीच खातो.”