नऊशे नव्व्याण्णवची चिप

शनिवार, १२ मे २०१८, खामगाव.
ऊन फार. सकाळी लोणच्याच्या कैऱ्या चिरल्या. दुपारी शेजारचे डॉक्टर सहदेव पुण्याहून आलेले एक पत्र घेऊन आले आणि ते माझ्यापुढे ठेवले.

त्या दिवशीची माझ्या वहीतली नोंद एवढीच आहे. बाकीचे आता लिहिते, कारण असा माणूस मी क्वचितच पाहिला.

सहदेव जनावरांचे सरकारी डॉक्टर होते. निवृत्तीनंतर घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी दवाखाना काढला तो बैलांच्या भरवशावर. पण बीटी कपाशीवर गुलाबी बोंडअळी पडली त्या हंगामानंतर गावोगाव बैलजोड्या विकल्या गेल्या. दवाखान्याचे अंगण ओस पडले. अशा वेळी अकोल्याला कुत्र्या-मांजरांच्या डॉक्टरकीचे एक शिबिर झाले, तिथे जाऊन ते साठीनंतर नवे शिकून आले. तांदळाच्या दाण्याएवढी, ओळखीच्या नंबराची चिप सुईने कातडीखाली कशी घालायची, तेही शिकले. तिथल्या विक्रेत्याने सरावासाठी काही चिपा दिल्या. वस्तू वाया घालवायची नाही, ही त्यांची जन्माची सवय. त्यांतली एक त्यांनी मलिहाच्या मांजरीला, शहजादीला, घातली.

मलिहा आमच्याच गल्लीतली, सरकीच्या व्यापाऱ्याची मुलगी. पुण्याला शिकत होती आणि ऑगस्टमध्ये पुढच्या शिक्षणासाठी नेदरलँड्सला निघणार होती. मांजर बरोबर न्यायचीच, हा तिचा हट्ट. तिने लिहिले होते : ‘डॉक्टरकाका, तिथल्या नोंदणीच्या अर्जात चिपचा पंधरा आकडी नंबर विचारलाय. शहजादीचा नंबर ९९९ने सुरू होतो. हे पहिले तीन आकडे तिथे चालतात का?’

“चालत नाहीत, काकू,” डॉक्टर म्हणाले. “पहिले तीन आकडे म्हंजे एक तर देशाचा नंबर, आपला तीनशे छप्पन, नाही तर चिप बनवणाऱ्या कंपनीचा, नऊशेपासून पुढं. दोन्ही चालतात. पण नऊशे नव्व्याण्णव फक्त चाचणीसाठी राखलेला हाय. तोच नंबर दुसऱ्या जनावरातही असू शकते. मंग ही शहजादीच हाय, हे कशावरून ठरवायचं? पाकिटावर ‘नमुना’ लिहेल होतं. म्या वाचलंच नाही.”

त्यांच्या पत्नी बेबीताई पाठोपाठ आल्या होत्या. “लिहून द्या ना, चालते म्हणून! तिथं कोन पाह्यते मांजरीचे आकडे?”

“तिथं पाह्यतात. आन् नाही पाह्यले तरी मले तर मालूम हाय ना!”

माझ्याच फोनवरून, स्पीकर लावून, त्यांनी मलिहाला सगळे सांगितले. चूक कोणाची, हे आधी. नवी चिप घालायची. जुनी आतच राहील, कागदांवर दोन्ही नंबर लिहायचे. जुन्या नंबरावरची लस धरतील याची खात्री नाही, म्हणून नव्या चिपनंतर रेबीजची लस पुन्हा. लसीनंतर निदान तीस दिवसांनी रक्त घेऊन युरोपने मान्य केलेल्या प्रयोगशाळेत पाठवायचे. त्यात संरक्षण पुरेसे दिसले, तरी रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबायचे.

“म्हणजे ऑगस्टमध्ये ती येणार नाही,” मलिहा म्हणाली. “लसीची तारीख थोडी मागची टाकली तर?”

“नाही, बेटा. एका चुकीवर दुसरी नाही चढवत मी.”

मग ती म्हणाली, “अम्मीला मांजरीच्या केसांनी दमा उठतो. मी गेल्यावर शहजादी राहणार कुठे?”

डॉक्टरांनी बेबीताईंकडे पाहिले. बेबीताईंनी कपाळाला हात लावला. “आना! बैल गेले, आता मांजरीची सेवा करा!”

मलिहा आठवड्याभरात शहजादीला घेऊन आली. या वेळी डॉक्टरांनी चिप घालण्याआधी आणि घातल्यावर अशी दोनदा तपासणीयंत्राने वाचली, नंबर मलिहाकडून मोठ्याने वाचून घेतला, आणि मगच लस दिली. जूनच्या अखेरीस रक्त गेले. निकाल चांगला आला. ऑगस्टमध्ये मलिहा एकटीच विमानात बसली आणि शहजादी बेबीताईंच्या शिवणयंत्रावर झोपू लागली. सप्टेंबर संपता संपता वाट मोकळी झाली, पण मांजर मालकिणीबरोबरच जावी म्हणून डिसेंबरच्या सुटीपर्यंत सर्वांनी धीर धरला.

मधल्या काळात डॉक्टरांनी एक केले. शिबिराला आलेल्या सगळ्यांना फोन करून आपली चूक सांगितली आणि त्या चिपा कोणी वापरल्यात का, ते विचारले.

“गावभर काऊन सांगत फिरून राह्यले?” बेबीताई करवादल्या.

“दुसऱ्याचं मांजर अडकू नये म्हनून.”

सुटीत मलिहा आली. सरकारी दाखले झाले आणि ती पिंजरा घेऊन मुंबईला निघाली. तिथून पहाटेचे विमान होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचा फोन आला : विमानतळावर चिप वाचली, नंबर जुळला, शहजादी घरी पोचली. बेबीताई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, “गेली एकदाची! यंत्र मोकळं झालं.” डॉक्टर उठून गोठ्यावर एका म्हशीला पाहायला गेले.

त्या संध्याकाळी मी वहीत लिहिले : नळ आला नाही. ज्वारी दळून आणली.