यादीतून काढलेला पत्ता

मी मराठीतला मजकूर पावरी भाषेत करून देतो. आरोग्याची पत्रकं, बचत गटांच्या माहितीपुस्तिका, असलं काहीबाही. नोकरीची बारा वर्षं सातपुड्यात गेली, तिथे ही भाषा अंगवळणी पडली. आता नंदुरबारला घरी बसून काम करतो. काम देणाऱ्या संस्था पुण्या-मुंबईच्या. एक काम संपलं की त्या विसरून जात, आणि मी पडलो ताठ. आपणहून फोन करायचा म्हणजे दारोदार फिरल्यासारखं वाटे.

शेवटी बायकोनेच कान टोचले. म्हणाली, "तुमनं काम चांगलं शे, पन लोकेस्ना ध्यानमा कसं ऱ्हाई?"

मग मी दर महिन्याला एक साधी ईमेल पाठवू लागलो. जुनी गिऱ्हाइकं आणि बैठकांमध्ये भेटून 'पाठवा की' म्हणालेले लोक, अशी चाळीसेक जणांची यादी. एकाचा पत्ता दुसऱ्याला दिसू नये म्हणून सगळे बीसीसीच्या रकान्यात. मजकूर पानभरच. एकदा लिहिलं, की जुलाबाच्या पत्रकातलं 'एक लिटर पाणी' पाड्यावरच्या बायकांना उमगेना, म्हणून आम्ही तिथे बाजारातल्या लिटरच्या बाटलीचं चित्र टाकलं. खाली माझा नंबर, आणि पत्र नको असल्यास कळवा, नाव काढतो, ही ओळ. उत्तरं क्वचितच येत.

माझं निम्मं काम पुण्याच्या एका मॅडमकडून यायचं. दीड वर्षाने त्यांची ईमेल आली. मोबाइलवर पहिलीच ओळ दिसली: 'कृपया यादीतून माझा पत्ता काढावा.' माझं डोकंच फिरलं. पुढचं न वाचता त्यांचं नाव काढून टाकलं. जेवताना बायकोला म्हटलं, तुझ्या नादाने होतं तेही गिऱ्हाईक गेलं. बिचारीला तीन महिने माझा फुगलेला चेहरा बघावा लागला.

मग त्याच संस्थेतून एका नव्या बाईंचा फोन आला. मॅडम निवृत्त झाल्या होत्या. जाताना त्यांनी माझी सगळी पत्रं यांना दिली होती, 'हा माणूस गावाला विचारून लिहितो' असं सांगून. चार पुस्तिकांचं काम होतं. 'माझंही नाव यादीत घाला,' म्हणाल्या. फोन ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, "मॅडमना पत्रं का येत नाहीत? त्या मला दोनदा विचारून गेल्या."

मी ती जुनी ईमेल उघडली. खाली लिहिलं होतं: ऑफिसचा पत्ता आता बंद होईल, पुढची पत्रं या घरच्या ईमेल पत्त्यावर पाठवा.

लाजेने कान तापले. बायकोची माफी मागितली. मग राहिलेली तिन्ही पत्रं मॅडमच्या घरच्या पत्त्यावर पाठवली आणि झालं ते खरं खरं कळवलं. त्यांचं उत्तर संध्याकाळी आलं. या वेळी मी ते शेवटपर्यंत वाचलं. एकच ओळ होती: 'मला वाटलं, आता मी काम देऊ शकत नाही म्हणून थांबवलंत.'