साठ तास आणि साठ मार्क

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. त्यामुळे शेवटच्या सेमिस्टरला कॉस्टिंगचा एक पेपर राहिला, तेव्हा तो माझ्या एकटीचा राहिला नाही, अख्ख्या घराचा राहिला. कामणच्या एका गोदामाच्या ऑफिसात मला नोकरी पक्की झाली होती, पण पदवी हातात आली तरच. या खेपेला पेपर सुटला नाही तर जागा दुसऱ्या कोणाला देणार, हे त्यांनी तोंडावर सांगितलं होतं.

मी सिलॅबसची पीडीएफ उघडून टाइमटेबल केलं. चार युनिटं आणि पुढे आकडे: आठ, चोवीस, सोळा, बारा. बेरीज साठ. पेपरही साठ मार्कांचा. म्हणजे चोवीस मार्कांचं प्रोसेस कॉस्टिंग सगळ्यात वजनदार, असं धरून मी रोजची संध्याकाळ त्यालाच दिली, सातपासून पुढे. पहिल्या युनिटला, मूळ संकल्पनांना, एक सकाळ. ते टाइमटेबल पापांनी स्वयंपाकघरात फ्रिजवर चिकटवलं.

ऑक्टोबर होता, म्हणजे रोझरीचा, मरियामायच्या जपमाळेचा महिना. गास गावात आमच्या आळीतला क्रूस घराच्या अंगणाला लागूनच. रोज संध्याकाळी सातला आळी जमायची आणि स्पीकर नेमका माझ्या खिडकीसमोर. आयने टाइमटेबल वाचलं आणि सरळ आळीतल्या बायकांना सांगून आली, रोझरी सहाला.

"तुझ्या पोरीच्या हिशेबासाठी मरियामायने घड्याळ बदलायचं काय?" समोरची मावशी म्हणाली.

"मरियामायला चालतंय. तुलाच सहापर्यंत दुपारच्या झोपेतून उठवत नाही," आय म्हणाली.

आळी सहाला जमू लागली.

मग एका दुपारी माझी मैत्रीण अभ्यासाला आली. विरारची, फ्लॅटमध्ये राहणारी. तिचाही हाच पेपर राहिलेला. पाणी प्यायला फ्रिजकडे गेली आणि तिथेच उभी राहिली.

"हे चोवीस कुठून आणलंस?"

"सिलॅबसमधून. वेटेज आहे."

"यार, ते लेक्चरचे तास आहेत! वरचं हेडिंग वाच ना."

तिने पीडीएफ शेवटच्या पानापर्यंत सरकवली. मी तिथवर कधी गेलेच नव्हते. पेपर पॅटर्न तिथे होता: चार प्रश्न, एका युनिटवर एक, प्रत्येकी पंधरा मार्क. शिकवायला आठ तास लागोत की चोवीस, मार्क पंधराच.

आठ तासांच्या युनिटला मी जवळजवळ सोडून दिलं होतं.

"साठातले चोवीस आले की पास," ती म्हणाली. "पहिलं आणि चौथं छोटं आहे, दोन्ही मिळून तीस. ती आधी पक्की कर. मग तिसरं. प्रोसेस कॉस्टिंगची तुझी गणितं बरीच झालीत, त्याला रोज एकच गणित, हात राहण्यापुरतं."

आम्ही फ्रिजवरचा कागद काढला. आय पीठ मळत ऐकत होती.

"म्हणजे काय, परत बदललं?"

"हो गं, आय. रोझरी परत सातला केली तरी चालेल बहुतेक."

"चालेल?" तिने पिठाचे हात वर केले. "मी आता त्या मावशीला काय तोंड दाखवू? तुझी युनिटं हलव पाहिजे तेवढी. रोझरी सहालाच!"

मैत्रीण हसायला लागली. "नाही हलवायची, आंटी. सहाच्या आवाजात पाठांतर होणार नाही, त्या वेळात ही गणित सोडवेल. थिअरी शांत झाल्यावर."

तसंच केलं. बाहेर 'नमो मरिये' चालायचं आणि आत मी प्रोसेस अकाउंट मांडायचे. आजही ॲबनॉर्मल लॉसचा, नेहमीपेक्षा जास्त झालेल्या नासाडीचा, आकडा काढताना माझे ओठ प्रार्थनेच्या चालीत हलतात. ऑफिसातले विचारतात, काय पुटपुटतेस?

पेपरात पहिल्या युनिटचा प्रश्न वाचला आणि मला खुर्चीतच मोकळं वाटलं. प्रोसेस कॉस्टिंगचं गणित अर्धवट सुटलं, पण आता त्याच्यावर सगळं टांगलेलं नव्हतं.

निकाल मोबाइलवर आला. पास. मैत्रीणही पास. पापा बाहेर जाऊन झाडांना पाणी घालत बसले, सकाळी घातलेलं असताना. आय मात्र चष्मा लावून स्क्रीन बघत राहिली.

"पहिल्या युनिटला किती मिळाले?"

"तसं दाखवत नाहीत, आय. पेपराचा एकच आकडा असतो."

"एकच?" तिचा चेहरा पडला. "एवढी चार चार युनिटं मी पाठ केली, आणि मेल्यांनी एकच आकडा दिला?"

मग तिने पदर सावरला आणि तो एकच आकडा सांगायला समोरच्या मावशीकडे निघाली.