प्लॉट लिहून दिला, तरी पाच लाख लागतातच

२०२३ साल. माझं वय एकाहत्तर. काष्टीच्या अलीकडं आमचं गाव. दूध लई, भाव मात्र डेअरीवाल्याच्या मर्जीचा. म्हणून मी पनीरचा कारखाना काढायचं ठरवलं. सीएकडं गेलो नाही. तहसीलसमोरच्या टायपिंगवाल्याला मी सांगेन तसा कर्जाचा आराखडा लिहायला लावला. एकूण खर्च वीस लाख. पैसा कुठून येणार त्या तक्त्यात बँकेचे पंधरा, आणि मालकाचा हिस्सा म्हणून रस्त्याकडेचा माझा प्लॉट.

सून स्कूटीवर बँकेत घेऊन गेली. साहेबानं तक्ता पाहिला.

"आजोबा, प्लॉट इथं कसा?"

"का? आठ लाखाला मागत्यात लोक."

"असेल. पण तो तारण. हप्ते थकले तर आम्ही त्याला हात घालायचा. बॉयलरवाला प्लॉट घेऊन बॉयलर देईल का?"

साहेबानं तक्त्यातल्या प्लॉटवर पेनानं काट मारली.

"पाच लाख तुमचे रोख आधी खात्यात. मग आमचे पंधरा सुटणार, तेही थेट मशीनवाल्याला."

"म्हंजी प्लॉटबी द्यायचा अन् पैसंबी?"

"दोन्ही."

माझ्याकडं दोनच लाख होते. मी म्हटलं, मग तुमचे अठरा द्या. साहेब म्हणाला, रुपयामागं चार आण्याचा हिस्सा मालकाचा पाहिजेच. दोन लाखात आठ लाखाचाच प्रकल्प बसतो. आठ लाखात बॉयलरच बसत नव्हता.

"घरच्यांकडून उसने घेतले तर?"

"चालतील. पण आमचं कर्ज फिटेपर्यंत ते परत काढायचे नाहीत. तसं लिहून द्यावं लागेल."

सुनेनं शिवणकामातनं तीन लाख साठवून ठेवलेले मला ठाऊक होते. घरी आल्यावर म्हटलं, "दे उसनं."

"आबा, साहेब काय म्हनले? उसनं दिलं तर माझं पैसं वर्षानुवर्षं अडकनार, अन् कारखान्यात मी कुनीच न्हाई. हिस्सा म्हनून घालते. भागीदार करा."

"लोक म्हनतील, सुनंच्या कारखान्यात सासरा राबतोय."

"म्हनू द्या. पगार वेळेवर देईन तुमाला."

चुलीपाशी माझी म्हातारी खुदकन हसली. मला राग आला. सुनेचे तीन, माझे दोन. बापजाद्यांचा प्लॉट माझा गहाण, आणि हिस्सा तिचा मोठा. जेवून आडवा झालो. पडल्या पडल्या चार वेळा हिशेब केला. तिच्याशिवाय तक्ता जुळत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी धारा काढल्या, इस्त्रीची टोपी घातली आणि स्कूटीच्या मागं जाऊन बसलो. सून बाहेर आली तसं म्हटलं, "भागीदारीचा कागद करायला वकिलाकडं घे. नाव तुझं वर असू दे. पन सही मी आधी करनार."

आणि केली.