चाळिशीच्या आधीचे पंच्याहत्तर

सल्लागाराने लॅपटॉप आमच्याकडे वळवला तेव्हा पडद्यावर ऐंशी हा आकडा होता. त्याचं ऑफिस बेळ्ळंदूरला, रिंगरोडलगतच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर. खाली गाड्या तुंबलेल्या होत्या, हॉर्न वरपर्यंत ऐकू येत होते. तो निपाणीकडचा, त्यामुळे आमच्याशी मराठीतच बोलायचा.

"वय पंचवीस," तो बोटांवर मोजत म्हणाला. "तेहेतीस ते एकोणचाळीस, सगळ्यांना पंचवीस. इंग्रजी वीस. डिग्रीचे पंधरा. अनुभव आठ वर्षांच्या वर, त्याचे पंधरा. अक्कांनी परीक्षा दिली म्हणून पाच. झाले ऐंशी. सरी? बरोबर?"

"मला पाचच का?" मी विचारलं.

"तुमचं इंग्रजीच फक्त मोजलंय, अक्का. तुमचा व्यवसाय त्यांच्या यादीत बसला असता आणि त्याचं मूल्यांकन झालं असतं, तर दहा. सरांचं लग्नच झालं नसतं तरी दहा."

"म्हणजे हिच्यामुळे माझे पाच गेले," नवरा म्हणाला.

"घटस्फोटाला वेळ लागतो, सर. वाढदिवस आधी येईल."

तिघेही हसलो. वाढदिवस मेच्या अखेरीस होता. चाळिसावा. त्या दिवशी वयाचे पंचवीस गुण पंधरावर येणार होते. ऑस्ट्रेलियाच्या या पद्धतीत वयाचे गुण हळूहळू उतरत नाहीत. गट बदलला की एकदम पडतात. आणि वय मोजलं जातं ते बोलावणं येतं त्या दिवशीचं, नाव नोंदवलं त्या दिवशीचं नव्हे. नोंद म्हणजे अर्ज नव्हे. आपली माहिती ऑनलाइन भरायची, गुण संगणक लावतो, मग अधूनमधून वरच्या गुणांच्या लोकांना बोलावणं जातं. त्यानंतरच व्हिसाचा अर्ज करता येतो. किमान पासष्ट लागतात, पण पासष्टवाल्याला बोलावतीलच असं नाही. नवऱ्याच्या कारखान्यातल्या, त्याच कामाच्या एकाला मागच्या फेरीत ऐंशीवर बोलावणं आलं होतं. एवढीच आमच्या हातातली माहिती.

इंग्रजीचे वीस त्याने तिसऱ्या प्रयत्नात मिळवले होते. चारही भागांत आठ लागतात. लेखनात तो दोनदा अर्ध्या गुणाने अडकला. मी मराठी वृत्तपत्राच्या डेस्कवर वाढलेली. त्याचे निबंध लाल करून परत द्यायचे. "एका वाक्यात एकच गोष्ट सांग," एवढंच माझं शिकवणं. तिसऱ्या वेळी आठ आले तेव्हा त्याने पेढे आणले नव्हते. म्हणाला, बोलावणं आल्यावर आणू.

त्याला जायचं होतं त्याचं कारण साधं होतं. बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात तो डिप्लोमावर लागला. पुढे संध्याकाळच्या कॉलेजात नोकरी सांभाळत इंजिनिअरिंगची डिग्री घेतली. पदाचं नाव बदललं, काम बदललं. पण बैठकीत नवा व्यवस्थापक विचारायचा, "इनमें डिग्रीवाला कौन है?" आणि कुणीतरी त्याच्याकडे बघून म्हणायचं, "ये डिप्लोमा से आए हैं।" ज्या यादीत त्याचं नाव नुसतं इंजिनिअर म्हणून असेल अशी एक जागा त्याला हवी होती.

अनुभवाच्या मूल्यांकनाचं पत्र एप्रिलमध्ये ईमेलने आलं. तिथल्या इंजिनिअरांच्या संस्थेने त्याची डिग्री आणि व्यवसाय नोंदीच्या आधीच मान्य केले होते. अनुभवाच्या रकान्यात मात्र सुरुवातीची तारीख नोकरी लागल्याची नव्हती. डिग्री पूर्ण झाल्यानंतरची होती. त्या तारखेपासून आठ वर्षं जुलैत भरत होती. वाढदिवसानंतर दोन महिन्यांनी.

मी पत्र दोनदा वाचलं आणि त्याला दाखवलं. तो उभ्यानेच वाचत होता.

"पाच ते सात वर्षं म्हणजे दहा गुण," मी म्हणाले. "पंधरा नाहीत."

"मग एकूण?"

"पंच्याहत्तर."

सासरे, ज्यांना घरात सगळे अण्णा म्हणतात, हॉलमध्ये बसून ऐकत होते. त्यांची सगळी नोकरी सरकारी विमान कारखान्यात झाली.

"असं कसं?" ते म्हणाले. "सर्व्हिस जॉइनिंग डेटपासून धरतात. पीएफ तिथून, ग्रॅच्युइटी तिथून, सीनिऑरिटी तिथून. मी अप्रेंटिस होतो तीही वर्षं धरली आमच्याकडे."

"ते सर्व्हिस मोजत नाहीत अण्णा," नवरा म्हणाला. "इंजिनिअर म्हणून केलेलं काम मोजतात. त्यांच्या हिशेबी मी इंजिनिअर झालो डिग्रीनंतर."

"आणि त्याआधी काय करत होतास? टाळ कुटत होतास?"

ही चूक आमच्या घरातच होणारी होती. नोंद भरताना सल्लागाराने विचारलं होतं, अनुभव कधीपासून. आणि याने न थांबता रुजू झाल्याची तारीख सांगितली होती. आमच्याकडे माणसाचं वय विचारलं तर कधी कधी चुकतं, जॉइनिंग डेट चुकत नाही.

त्याने सल्लागाराला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"राहू द्या तसंच," सल्लागार म्हणाला. "पत्र म्हणजे त्या संस्थेचं मत. शेवटी ठरवणार व्हिसा अधिकारी. आता कुणी कागद बघत नाही, सर. आधी बोलावणं तर येऊ द्या."

"आणि अर्जात अधिकाऱ्याने ते मत धरलं तर?" मी विचारलं.

"तेव्हाचं तेव्हा बघू."

"बोलावणं ऐंशीवर आणि कागदावर पंच्याहत्तर निघाले तर व्हिसा नाकारतात. बरोबर?"



"बरोबर आहे, अक्का. बोलावण्यात जेवढे गुण, तेवढे सिद्ध करावे लागतात."

"फी परत?"

"नाही."

"आणि खोटी माहिती दिली असं त्यांनी ठरवलं तर?"

"तर तीन वर्षं बंदी येऊ शकते. पण सर, नोकरी खरीच आहे ना? खोटं कुठंय? आणि ऐका, आत्ता कमी केलं तर नुसते पाच जात नाहीत. गुण बदलले की तारीखही नवी लागते. पंच्याहत्तरवाल्यांत तुम्ही सगळ्यात मागे. वाढदिवसाआधी एखादी फेरी झाली तर झाली."

फोन ठेवल्यावर अण्णांनी निर्णय दिला. "राहू दे. नोकरी केलीस, लपवायचं काय?"

"लपवायचं नाहीये, अण्णा. जास्तीचं सांगायचं नाहीये."

"तुझ्या बायकोने भरलंय तुझ्या डोक्यात हे."

"मी फक्त वाचून दाखवलं," मी म्हणाले.

"पेपरात होतीस ना. लोकांच्या चुका काढायची सवय."

पुढचा आठवडा घरात आवाज कमी होता. नवरा कारखान्यातून आला की फोन उघडायचा, मेल बघायचा, बंद करायचा. ऐंशी तसेच होते. कुठल्याही दिवशी बोलावणं येऊ शकत होतं, आणि पहिल्यांदाच ते येऊ नये असं मला वाटत होतं. त्यालाही वाटत होतं की नाही ते मी विचारलं नाही. एकदा जेवताना तो म्हणाला, "उद्या आलं तर मी नाही म्हणू शकणार नाही. हे मला माहीत आहे." मग त्याने ताट पुढे सरकवलं. भात तसाच होता.

शनिवारी सकाळी आम्ही बेळ्ळंदूरला गेलो. लॉगिन सल्लागाराकडे होतं. त्याने पुन्हा एकदा समजावलं, मग खांदे उडवले आणि नोंद उघडली. दुरुस्ती अगदी लहान होती. कारखान्यातली नोकरी एकाच ओळीत भरलेली होती; तिचे दोन भाग करायचे, डिग्रीआधीचा आणि नंतरचा. प्रत्येक भागापुढे एकच प्रश्न: हे काम निवडलेल्या व्यवसायाशी संबंधित आहे का? पहिल्या भागापुढे 'नाही' निवडायचं.

सल्लागाराने माउस त्याच्याकडे सरकवला. "तुम्हीच करा, सर. नंतर मला बोल नको."

नवऱ्याने बाण त्या चौकोनावर नेला आणि थांबवला.

"या काळात मी उत्पादनाच्या दोन लाइन उभ्या केल्या," तो पडद्याकडे बघत म्हणाला. "ड्रॉइंगवर सही डिग्रीवाल्याची असायची. काम माझं."

त्याने 'नाही' निवडलं. आकडा पंच्याहत्तर झाला.

फेरी झाली. वाढदिवसाच्या दहाएक दिवस आधी, कुणालाच आधी कळलं नव्हतं. त्या दिवशी दुपारी कारखान्यातून त्याने मला मेसेज केला: 'फेरी झाली म्हणतायत. मेल नाही.' संध्याकाळी सल्लागाराने फोन केला. त्याच्या यादीतल्या दोघांना आलं होतं, दोघेही याच्या व्यवसायातले, दोघेही ऐंशीवर. ऐंशी ठेवले असते तर आलं असतं, असं तो बोलला नाही. त्याला बोलायची गरज नव्हती.

अण्णा मात्र बोलले. "घ्या. हातचं घालवलं."

"हातात नव्हतंच," नवरा म्हणाला, आणि आंघोळीला गेला. नळ बराच वेळ चालू होता.

मधल्या दिवसांत दुसरी फेरी झाली नाही.

वाढदिवसाच्या सकाळी मी त्याला ओवाळलं. पाटावरून उठायच्या आधीच त्याने फोन घेतला. लॉगिन आता त्याच्याकडे होतं, त्याने मागून घेतलं होतं. कुणी काही भरलं नव्हतं, काही बदललं नव्हतं, तरी आकडा आपोआप बदलला होता.

"पासष्ट," तो म्हणाला.

"पासष्ट म्हणजे पास की नापास?" अण्णांनी विचारलं.

"नोंदीला पास. बोलावण्याला नापास."

"आणि ती आठ वर्षं?"

"जुलैत भरतील. पाच वाढतील. सत्तर."

अण्णांनी मनाशी काहीतरी जुळवून बघितलं. "म्हणजे वय दहा नेणार आणि अनुभव पाच देणार. हा काय न्याय?"

"त्यांना तरुण माणूस हवाय अण्णा, ज्याने आधीच खूप काम केलंय."

"असा माणूस असतो कुठे?"

"असतात. बावीसला डिग्री घेतलेले."

त्याला डिप्लोमाला घालायचं ठरवलं होतं ते अण्णांनी. त्याच्या धाकट्या बहिणीचं लग्न पुढे करायचं होतं आणि लवकर कमावता मुलगा हवा होता. घरात हे सगळ्यांना माहीत आहे, त्यावर कुणी बोलत नाही.

सल्लागाराने नंतर एक वाट सांगितली. तिथल्या एखाद्या राज्याने मोठ्या शहरांबाहेरच्या भागासाठी नाव सुचवलं तर पंधरा गुण मिळतात. व्हिसा आधी तात्पुरता, त्या भागातच काही वर्षं राहून काम करायचं, मग कायमचं मागता येतं. राज्यांच्या याद्या उघडतात आणि बंद होतात, आणि त्यासाठी कारखान्याचं नवं पत्र लागणार होतं, कामाच्या तपशिलासह.

नवऱ्याने एचआरमध्ये पत्र मागितलं. संध्याकाळी घरी येऊन त्याने तिथलं बोलणं सांगितलं. एचआरच्या मुलीने मसुदा केला होता, रुजू झाल्यापासून इंजिनिअर म्हणून कार्यरत असा. त्याने तो परत केला.

"सर, चांगलं लिहिलंय की. कमी कशाला करताय?"

"कमी नाही. दोन भाग करा. आधी सुपरवायझर. डिग्रीनंतर इंजिनिअर."

"इथे कुणी विचारत नाही हो."

"तिथे विचारतात," तो म्हणाला, आणि डिग्रीनंतरची तारीख तिला लिहून दिली.