सैपाकघराची फरशी

नातीने मोबाइलवर तिच्या आई-बाबांच्या नव्या फ्लॅटच्या नकाशाचा स्क्रीनशॉट पाठवला आणि विचारलं, "आजी, टाइल्सचा खर्च काढून देतेस का?" वर लिहिलं होतं, "आणि फूटपट्टी नको लावू हं!" कार्टीला माझी कीर्ती माहीत आहे.

मी काढून दिला. दहा फूट सहा इंच म्हणजे दहा पूर्णांक सहा नाही, साडेदहा, हे आधी सांगितलं. लांबी गुणिले रुंदी, सगळ्या खोल्यांची बेरीज, तुटफुटीसाठी थोडं वर, मग दराने गुणायचं. आणि नकाशावर छापलेला आकडा वाचायचा. चित्र मोजायचं नाही. बोटांनी ताणलं की खोली मोठी होते, सोडलं की लहान.

हे मला पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या सुमारास कळलं, तेव्हा मी चंद्रपूरला कॉलेजात होते. गणितात पहिली यायचे आणि ते कुणी विचारलं नाही तरी सांगायचे. बाबा लाकडाच्या डेपोवर चौकीदार. अहेरीला आमच्या तीन खोल्या उभ्या राहिल्या होत्या, जमीन तेवढी मातीची होती. मायला दमा होता. सारवायला वाकली की धाप लागायची. तिचं एकच म्हणणं, "पाऊसपाण्यापयले सैपाकघरात फरशी टाकून द्या. मले आता वाकवत नाई."

फरशीचा व्यापारी चंद्रपूरचा, म्हणून बाबांनी नकाशा माझ्याकडे दिला. मूळ कागद खराब नको व्हायला म्हणून मी झेरॉक्स काढली आणि मूळ नकाशा बसने परत पाठवला. कागद मोठा होता. दुकानदार म्हणाला, "मशीनमधी मावत नाई ताई, छोटा करून देतो." मी म्हटलं, द्या. छोट्या झेरॉक्सवर मापांचे आकडे काळे डाग झाले होते, पण खाली 'एक इंच म्हणजे चार फूट' स्वच्छ उमटलं होतं. मग काय, लावली फूटपट्टी! पुढची खोली साडेनऊ बाय आठ, बाकी दोन आठ बाय आठ. एकूण दोनशे चार चौरस फूट, तुटफुटीचे दहा वर धरून दोनशे चौदा. दराने गुणलं, पैसे भरले आणि ट्रक रवाना केला. कागद लहान झाला तरी ती ओळ तशीच राहते, हे त्या पहिल्या नंबराला सुचलं नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आले तेव्हा ट्रक रिकामा झाला होता. मिस्तरीने ढिगाकडे पाहिलं, खोल्यांकडे पाहिलं.

"बाई, टेप लावून पाहू का एकदा?"

"भाऊ, हिशोब मी केला आहे."

"मंग राह्यलं," तो म्हणाला.

"सैपाकघरातून सुरू करा," माय म्हणाली.

"काऊन? पाहुणे चुलीपाशी बसतीन काय?" मी म्हटलं. मला पाहायला येणार होते ना! पुढच्या खोलीत गुळगुळीत फरशीवर साडी सावरत बसलेली मी मलाच दिसत होते. बाबा माझ्या शिक्षणापुढे बोलत नसत. सुरुवात पुढून झाली.

पुढची खोली भरली. मधल्या खोलीच्या शेवटच्या कोपऱ्यात फरशी संपली. मिस्तरीने तेव्हा टेप काढला. पुढची बारा बाय दहा, इतर दोन दहा बाय दहा. तीनशे वीस चौरस फूट. प्रत्येक बाजू पाचवा हिस्सा कमी धरली, तर एक तृतीयांशाहून जास्त जागाच गायब होते.

"टेपले पाहुणे नाई कळत, बाई," एवढंच तो बोलला.

व्यापाऱ्याला निरोप गेला, पण नदीला पाणी चढलं आणि ट्रकचा रस्ता दिवाळीपर्यंत बंद झाला.

त्या पावसाळ्यात माय सारवत राहिली. मी फडकं हातातून घेतलं की म्हणे, "तुले नाई जमत, पोपडे निघतात." खरंच निघायचे. शेजारीण विचारायची, "पुढं फरशी, अन इथी माती?" माय धाप आवरत हसायची. "मीच ठेवली व बाई. चुलीपाशी मले मातीच बरी वाटते."

भादव्यात ती गेली. मधल्या खोलीत, माझ्या फरशीवर तिला ठेवलं होतं. बायका एकमेकींना सांगत होत्या, भारी साधी होती, मातीच आवडे तिले. मी ऐकत होते.

दिवाळीनंतर फरशी आली. मिस्तरी सैपाकघर खोदायला लागला तेव्हा शेजारीण दारात आली आणि बाबांवर रागावली. "तिच्या हातचं सारवण काऊन उखडता भाऊ? तिले तं मातीच पाहिजे होती."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. 'माझा हिशोब चुकला', सांगायला एवढे तीन शब्द पुरले असते. मी भिंतीकडे पाहत राहिले.

"टाक, मिस्तरी," बाबा म्हणाले.